९९.९५ टक्के, पण कशाचे?

एटीएमसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या खात्यातून पैसे वजा होतात आणि यंत्रातून नोटा मात्र बाहेर येत नाहीत, हा प्रसंग अनेकांनी अनुभवलेला असतो. असे पैसे किती दिवसांत परत यायला हवेत, हे रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात ठरवून दिले आहे. 'टी अधिक पाच' दिवसांत रक्कम खात्यात परत आली पाहिजे, नाहीतर पुढच्या विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई. परिपत्रकाला एक तक्ता जोडला आहे आणि त्यात एटीएम, कार्ड, यूपीआय अशा प्रकारांप्रमाणे मुदती दिल्या आहेत. त्याच परिपत्रकात 'टी' म्हणजे व्यवहाराचा दिवस आणि तो दिनदर्शिकेतल्या तारखेनुसार धरायचा, असेही एका वाक्यात सांगितले आहे. हे एक वाक्य नसते, तर शनिवारी रात्री अडकलेल्या पैशांची मोजणी शनिवारपासून करायची की सोमवारपासून, यावर प्रत्येक बँकेने आपापला हिशेब मांडला असता.

बँक आणि ग्राहक यांच्यात जसा हा तक्ता, तसा बँक आणि तिची संगणकप्रणाली चालवणारी कंपनी यांच्यातही एक तक्ता असतो. सेवा किती टक्के वेळ चालू राहील, बिघाड कळवल्यावर किती वेळात दखल घेतली जाईल, किती वेळात दुरुस्ती होईल आणि हे न जमल्यास बिलातून किती रक्कम वजा होईल, हे सारे त्यात लिहिलेले असते. या कराराला व्यवहारात सगळे 'एसएलए' म्हणतात. चाळीस-पन्नास पानांच्या करारात हा तक्ता बहुधा शेवटच्या परिशिष्टात जेमतेम एक पान व्यापतो. कराराचे मुद्रितशोधन करणारा माणूस तिथवर पोहोचतो तेव्हा थकलेला असतो आणि तक्त्यात वाक्ये नसल्यामुळे तपासण्यासारखे काही उरलेले नाही, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात पैशाचा प्रश्न जिथे सुटतो किंवा अडतो, ती जागा हीच असते.

एका उदाहरणाने हे पाहू. उदाहरण रचलेले आहे, पण त्यातली प्रत्येक चूक अशा करारांत नेहमी आढळणारी आहे. एका जिल्ह्याच्या गावची नागरी सहकारी बँक आपली प्रणाली बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवते. महिन्याचे शुल्क २ लाख रुपये. तक्त्याची पहिली ओळ म्हणते: 'सेवा उपलब्धता, ९९.९५%'. त्याखाली सवलतीच्या पायऱ्या आहेत. उपलब्धता ९९.९५ ते ९९.५ टक्के राहिली तर शुल्कात ५ टक्के सूट, ९९.५ ते ९९ राहिली तर १० टक्के आणि ९९ च्या खाली गेली तर २५ टक्के.

ओळ स्वच्छ दिसते. शुद्धलेखनाची चूक नाही, दशांशचिन्ह जागेवर आहे, टक्क्याची खूणही आहे. आता समजा, एका सोमवारी सकाळी अकरा ते दुपारी दोन अशी तीन तास प्रणाली बंद पडली. तीन तास म्हणजे १८० मिनिटे. सूट किती मिळणार?

मोजणी महिन्याची असेल, तर तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे होतात. त्यातून १८० गेली की उपलब्धता ९९.५८ टक्के येते. सूट ५ टक्के, म्हणजे १०,००० रुपये. मोजणी वर्षाची असेल, तर वर्षाची मिनिटे ५,२५,६००. तेच १८० मिनिटांचे खंडन आता ९९.९७ टक्के उपलब्धता दाखवते. वर्षभरात दुसरे काही बिघडले नाही तर लक्ष्य गाठलेले आहे आणि सूट शून्य. तिसरी शक्यता म्हणजे मोजणी फक्त कामकाजाच्या वेळेची. रोजचे आठ तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर एकूण १२,००० मिनिटे होतात. त्यातली १८० गेली की उपलब्धता ९८.५ टक्क्यांवर येते आणि सूट २५ टक्के, म्हणजे ५०,००० रुपये होते.

बंद पडलेली वेळ तीच, काउंटरसमोर ताटकळलेली माणसेही तीच. तरी उत्तरे तीन, कारण तक्त्यात टक्के लिहिले आहेत, पण ते कशाचे टक्के हे लिहिलेले नाही. मुद्रितशोधकाने टक्क्याची खूण दिसली की तिच्यामागचा छेद शोधायचा असतो. छेद त्याच ओळीत किंवा व्याख्यांच्या कलमात सापडला नाही, तर ओळ अपुरी आहे. कॅलेंडर महिना की बिलाचा महिना, चोवीस तास की कामाचे तास, आधी कळवून केलेल्या देखभालीचा वेळ धरायचा की वगळायचा, हे तीन प्रश्न उपलब्धतेच्या प्रत्येक ओळीला विचारावे लागतात.

आता याच कराराच्या सहाव्या कलमात आणखी एक वाक्य आहे. 'सेवा दरमहा जास्तीत जास्त ४३ मिनिटे बंद राहू शकेल.' मसुदा लिहिणाऱ्याने वाचकाच्या सोयीसाठी टक्क्यांचे मिनिटांत रूपांतर करून दिलेले दिसते. पण गणित करून पाहिले तर तीस दिवसांच्या महिन्याच्या ४३,२०० मिनिटांचे ०.०५ टक्के म्हणजे २१.६ मिनिटे होतात. ४३.२ मिनिटे येतात ती ९९.९ टक्क्यांना. म्हणजे आधीच्या मसुद्यात ९९.९ असावे, वाटाघाटीत ते ९९.९५ झाले असावे, तक्ता बदलला गेला आणि कलम तसेच राहिले. निदान तसे दिसते.

मुद्रितशोधकाची खरी कसोटी इथे लागते. कदाचित उलटेही असेल. कलमातला आकडा ठरलेला असेल आणि तक्त्यात एक ५ चुकून घुसला असेल. कोणता आकडा खरा, हे कागदावरून सांगता येत नाही, आणि म्हणून त्याने कोणताही आकडा दुरुस्त करायचा नसतो. वेलांटी चुकली असेल तर ती तो हक्काने सुधारेल, पण आकडा बदलणे म्हणजे दोन पक्षांच्या वतीने परस्पर सौदा करणे होय. त्याचे काम विसंगती उघड करणे आणि उत्तर देता येईल असा नेमका प्रश्न लिहिणे. तो प्रश्न असा दिसतो: 'परिशिष्ट ब, ओळ १ मध्ये लक्ष्य ९९.९५%. कलम ६.२ मध्ये दरमहा ४३ मिनिटे. तीस दिवसांच्या महिन्यात ९९.९५% ला २१.६ मिनिटे आणि ९९.९% ला ४३.२ मिनिटे येतात. कोणता आकडा ग्राह्य?' समासात नुसते प्रश्नचिन्ह काढले तर घाईतला वकील त्यावरून पुढे जातो. हिशेबासकट प्रश्न लिहिला तर त्याला उत्तर द्यावेच लागते.

एकच मर्यादा टक्के आणि मिनिटे अशा दोन्ही रूपांत देणे अनेकांना वाचकस्नेही वाटते. करारात मात्र ते धोक्याचे आहे. महिना एकतीस दिवसांचा असेल तर ९९.९५ टक्क्यांना २२.३२ मिनिटे येतात, अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीत २०.१६. म्हणजे दोन्ही आकडे प्रत्येक महिन्यात एकमेकांशी जुळूच शकत नाहीत. एक रूप बंधनकारक ठेवावे आणि दुसरे द्यायचेच असेल तर ते उदाहरण आहे असे स्पष्ट लिहावे.

पायऱ्यांच्या तक्त्यात आणखी एक सापळा आहे. '९९.९५ ते ९९.५' आणि '९९.५ ते ९९' अशा दोन पायऱ्या लिहिल्या, तर उपलब्धता बरोबर ९९.५ आली तेव्हा सूट ५ टक्के की १० टक्के? सीमेवरचा आकडा दोन्ही घरांत राहतो. आणि ९९.९५ बरोबर आले तर लक्ष्य गाठले की पहिल्या पायरीत पडले? मोठ्या कंपन्यांचे प्रसिद्ध करार या बाबतीत पाहण्यासारखे आहेत. अॅमेझॉनच्या क्लाउड विभागाचा ईसी२ सेवेसाठीचा करार पायऱ्या अशा मांडतो: ९९.९९ टक्क्यांपेक्षा कमी पण ९९.० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर १० टक्के, ९९.० पेक्षा कमी पण ९५.० किंवा त्याहून जास्त असेल तर ३० टक्के; ९५.० पेक्षा कमी असेल तर पूर्ण १०० टक्के. वाचायला शब्द जास्त लागतात, पण प्रत्येक आकड्याला एकच घर मिळते.

पाठोपाठ प्रश्न येतो दशांशस्थळांचा. ९९.९५ आणि ९९.५ एकाखाली एक आले की थकलेल्या नजरेला ते एकसारखे वाटतात, पण पहिल्यात महिन्याला २१.६ मिनिटांची मुभा आहे आणि दुसऱ्यात २१६ मिनिटांची. संपूर्ण रकान्यात दोन दशांशस्थळे ठेवून ९९.५० असे लिहिले की हा घोटाळा टळतो. मात्र हा बदलसुद्धा निव्वळ सजावटीचा नाही. दोन स्थळे छापली की मोजलेला आकडाही दोन स्थळांपर्यंत पूर्णांकित करायचा, असा अर्थ कुणी काढू शकतो. मोजणी ९९.९४६ आली आणि ती पूर्णांकित करून ९९.९५ लिहिली तर लक्ष्य गाठल्यासारखे होते. तेव्हा पूर्णांकन कसे करायचे, की करायचेच नाही, हे करारात लिहिले आहे का, ते पाहावे आणि नसेल तर तोही प्रश्न यादीत घालावा.

कित्येक चुका माणसाच्या नसतात, त्या एक्सेलमधून आलेल्या असतात. एक्सेलच्या चौकटीत ०.९९९५ ही किंमत असेल आणि चौकटीला टक्केवारीचे, शून्य दशांशस्थळांचे रूप दिलेले असेल, तर पडद्यावर १००% दिसते. तोच तक्ता वर्डमध्ये चिकटवला की दिसणारा आकडाच तिकडे जातो आणि कंपनीने शंभर टक्के उपलब्धतेचे वचन दिल्यासारखे होते. याच्या उलट, साध्या चौकटीत आधी ९९.९५ टंकून मग टक्केवारीचे रूप दिले, तर ९९९५% दिसते. ही दुसरी चूक कुणाच्याही डोळ्यांत खुपते. पहिली मात्र सुबक दिसते आणि सुटते. म्हणून अनुभवी शोधक मूळ एक्सेलची फाइल मागून घेतो आणि छापील आकडे तिच्याशी ताडून पाहतो.

टक्क्यांचा आणखी एक प्रकार हेल्पडेस्कच्या ओळीत भेटतो. '८०% फोन २० सेकंदांत उचलले जातील. दुसऱ्या वर्षापासून हे प्रमाण १० टक्क्यांनी वाढेल.' वाढून ९० होणार की ८८? ८० मध्ये दहा मिळवले तर ९० होतात. ८० चे दहा टक्के काढून मिळवले तर ८८ होतात. महिन्याला ५,००० फोन येत असतील तर हा फरक शंभर फोनांचा आहे. दुरुस्तीची सूचना सोपी आहे: वाढ सांगण्याऐवजी पोहोचायचा आकडाच लिहावा. 'दुसऱ्या वर्षापासून ९०%' असे लिहिले की वाद उरत नाही. अर्थात ९० की ८८ हे ठरवणार दोन पक्षच.

वेगाच्या ओळीत दडलेली विसंगती गणित केल्याशिवाय दिसत नाही. तक्ता म्हणतो, '९५% व्यवहार २ सेकंदांत'. अहवालाच्या कलमात लिहिले आहे, 'व्यवहाराला सरासरी २,००० मिलिसेकंद'. दोन सेकंद आणि २,००० मिलिसेकंद एकच आहेत, त्यामुळे फक्त एकके बदलली आहेत असे वाटून शोधक एकके सारखी करतो आणि पुढे जातो. पण 'सरासरी' हा शब्द राहून जातो. समजा, शंभर व्यवहारांपैकी नव्वद एका सेकंदात झाले आणि दहांना प्रत्येकी दहा सेकंद लागले. सरासरी १.९ सेकंद येते, म्हणजे कलमाप्रमाणे सेवा उत्तीर्ण. तक्त्याप्रमाणे मात्र दोन सेकंदांत नव्वदच व्यवहार झाले, पंच्याण्णव नाहीत, म्हणजे सेवा नापास. एककातला फरक हा पुष्कळदा मोजण्याच्या पद्धतीतल्या फरकाची खूण असतो. एकाच मोजमापाची दोन ठिकाणी दोन एकके दिसली, की ती दोन्ही वाक्ये बहुधा दोन वेगळ्या माणसांनी, वेगळ्या कल्पनेने लिहिलेली असतात. म्हणून एकक सारखे करण्याआधी पूर्ण वाक्य शेजारी ठेवून वाचावे.

जोडणीच्या वेगाबद्दल एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. `Mb` आणि `MB` यांत अक्षर लहान-मोठे होण्याचा फरक आठपटीचा असतो, कारण पहिल्यात बिट मोजतात आणि दुसऱ्यात बाइट. तक्त्याच्या शीर्षकाची सारी अक्षरे मोठी करणारी सजावट वापरली असेल तर हा फरक पुसलाच जातो.

वेळेच्या ओळी वाचायला सर्वांत सोप्या आणि तपासायला सर्वांत अवघड. आपल्या उदाहरणात लिहिले आहे, 'गंभीर बिघाडाचे निराकरण, ४ तास'. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता बिघाड कळवला. घड्याळाचे तास धरले तर रात्री नऊला मुदत संपते. कामकाजाचे तास, दहा ते सहा, धरले तर शुक्रवारी एकच तास जातो आणि उरलेले तीन पुढच्या कामाच्या दिवशी. तो दिवस कोणता? कंपनीचा आठवडा पाच दिवसांचा असेल तर सोमवार दुपारी एक. बँकेचे दिवस धरले, तर १ सप्टेंबर २०१५ पासून देशभरातल्या बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, बाकीचे शनिवार कामाचे. म्हणजे तो पहिला किंवा तिसरा शनिवार असेल तर मुदत शनिवारी दुपारी एकला संपेल. 'कामकाजाचा दिवस' ही व्याख्या करारात असली, तरी ती कोणाच्या कामकाजाची हे तिथे लिहिले आहे का, हे तपासायलाच हवे.

तास कोणत्या क्षणापासून मोजायचे, हाही त्याच ओळीचा भाग. बिघाड झाला तेव्हापासून, बँकेने कळवले तेव्हापासून, की कंपनीच्या प्रणालीत तिकीट नोंदले गेले तेव्हापासून? आणि थांबायचे केव्हा? तक्त्यात 'निराकरण', कलमात 'दुरुस्ती' आणि मासिक अहवालाच्या नमुन्यात 'तिकीट बंद' असे तीन शब्द असतील, तर घड्याळ थांबण्याच्या तीन जागा तयार होतात. तात्पुरती सोय करून काम सुरू झाले की निराकरण झाले, असे कंपनी म्हणेल. मूळ दोष जाईपर्यंत नाही, असे बँक म्हणेल.

मराठीत चांगले लिहिणारा माणूस एकच शब्द लागोपाठ आला की तो बदलतो. करार तपासताना ही सवय बाजूला ठेवावी लागते. वेगळा शब्द वापरला आहे त्याअर्थी वेगळा अर्थ अभिप्रेत आहे, असे करार वाचणारा कायदेपंडित धरून चालतो. 'गंभीर बिघाड', 'प्राधान्य १' आणि 'पहिल्या दर्जाची तक्रार' हे एकच असेल, तर सगळीकडे व्याख्येतलाच शब्द हवा, कितीही रुक्ष वाटला तरी. इंग्रजी करारात व्याख्या केलेला शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो, त्यामुळे तो ओळखू येतो. देवनागरीत ती सोय नाही. मराठी करारात असे शब्द ठळक टाइपात किंवा अवतरणात ठेवावे लागतात आणि ते शेवटपर्यंत तसेच राहिले आहेत ना, हेही पाहावे लागते.

हे सगळे एका वाचनात होत नाही. तक्ता मुद्रित करून व्याख्यांचे पान शेजारी ठेवणे, ही पहिली पायरी. मग रकान्याने रकाना खाली वाचायचा: सगळी लक्ष्ये, मग सगळी एकके, मग सगळे मोजणीचे काळ. असे उभे वाचले की 'मासिक', 'दरमहा' आणि 'प्रति ३० दिवस' यांतली तफावत लगेच उठून दिसते. त्यानंतर प्रत्येक ओळ आडवी वाचायची आणि ती पूर्ण वाक्य म्हणून मोठ्याने उच्चारायची. जे वाक्य उच्चारताना 'किमान' की 'कमाल' हे ठरवता येत नाही, त्या ओळीत दिशा लिहायची राहिली आहे. शेवटी संगणकावर `Ctrl+F` दाबून `%` शोधायचे, मग 'तास', 'दिवस', 'महिना' हे शब्द, आणि संपूर्ण करारात ते जिथे जिथे येतात तिथली वाक्ये तक्त्याशी ताडायची. ४३ मिनिटांचे ते कलम अशाच शोधात सापडते, नुसत्या वाचनात नाही.

आपल्या उदाहरणातली पहिली ओळ प्रश्नांची उत्तरे आल्यावर अशी होईल: 'सेवा उपलब्धता: प्रत्येक कॅलेंडर महिन्यात किमान ९९.९५%, मोजणी चोवीस तास, सर्व दिवस, पूर्वसूचित देखभाल वगळून, पूर्णांकन न करता.' ओळ लांबली, रकाना रुंद करावा लागला, तरी हरकत नाही.

एखाद्या पतसंस्थेच्या, सोसायटीच्या किंवा छोट्या उद्योगाच्या वतीने असा करार ज्यांच्यासमोर सहीसाठी येतो, त्यांनी सहीपूर्वी एवढे जरूर करावे. गेल्या वर्षी प्रणाली खरोखर बंद पडली होती असा एक दिवस आठवावा, बंद पडल्याची आणि सुरू झाल्याची वेळ नोंदवहीतून काढावी आणि ती घटना नव्या तक्त्यातून चालवून किती रुपये सूट येते ते कागदावर मांडावे. तोच हिशेब समोरच्या कंपनीलाही स्वतंत्रपणे करायला सांगावा. दोन उत्तरे वेगळी आली, तर सही थांबवावी आणि तक्ता परत पाठवावा.